एकाच खोलीत कॉल तुटतो, नेट मात्र मस्त चालतं: नक्की काय बघायचं, कोणती सेटिंग कुठे असते

हॉलमध्ये कॉल एकदम स्वच्छ, आणि आतल्या खोलीत पाऊल टाकलं की "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये तुझा" सुरू. फोन बघावा तर नेट चालू, व्हिडिओ न अडखळता पळतोय, मेसेज जातायत. मग बहुतेक जण फोन रिस्टार्ट करतात, सिम काढून पुसून परत घालतात, आणि दोन दिवसांनी परत तेच. सिम पुसून हे जात नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा सिममध्ये नसतंच.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. नेट चालतंय म्हणजे नेटवर्क चांगलंय, असं नसतं. कॉलचा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवला जातो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. एखादा तुकडा हरवला किंवा उशिरा आला की तो सरळ फेकून दिला जातो, कारण समोरचा माणूस तोवर पुढच्या शब्दावर गेलेला असतो. व्हिडिओचं तसं नाही, हरवलेला तुकडा परत मागवता येतो, शिवाय पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात, त्यामुळे मधल्या खड्ड्यांचा तुम्हाला पत्ताच लागत नाही. आणि स्पीडचा इथे फार संबंध नाही. एका ३ एमबीच्या फोटोएवढ्या डेटात एका बाजूचं दहाएक मिनिटांचं बोलणं मावतं. म्हणून स्पीड टेस्टचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, तो आकडा या दुखण्याबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. टॉवर बोलतो मोठ्याने, फोन बोलतो हळू. टॉवरची ताकद कित्येक वॅट असते आणि ४जीवर साध्या फोनची जास्तीत जास्त ०.२ वॅट. भिंती आड आल्या की टॉवरचं तुमच्यापर्यंत पोचतं, तुमचं टॉवरपर्यंत पोचत नाही. फोनवर दिसणाऱ्या दांड्या फक्त टॉवरकडून काय येतंय ते दाखवतात, तुमचं तिकडे किती पोचतंय ते नाही. आणि नेट वापरताना आपण जास्त करून उतरवतच असतो, चढवतो थोडं. म्हणूनच दोन दांड्या, व्हिडिओ चालू आणि तरी समोरच्याला तुमचा आवाज नाही, हा प्रकार होतो.

पायरी १: कोणाचा आवाज तुटतोय ते ठरवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग दहा सेटिंगा उलटसुलट करत बसतात. घरातल्या कोणाला तरी किंवा मित्राला चांगलं नेटवर्क असलेल्या जागी उभं करा आणि तुम्ही नेहमीच्या त्रासाच्या जागी बसा, अगदी त्याच खुर्चीत. ब्लूटूथ बंद करा, फोन कानाला लावा (इयरबड्सचा स्वतःचा तुटकपणा असतो, तो यात मिसळायला नको). आता तुम्ही १ ते ३० सावकाश मोजा, समोरच्याने कोणते आकडे गायब झाले ते लिहून ठेवायचं. मग त्याने मोजायचं, तुम्ही लिहायचं.

तुम्हाला सगळे ३० ऐकू आले आणि त्याला २२च, तर तुमच्या फोनचं बाहेर जाणारं कमजोर आहे. दोन्हीकडचे गेले तर खोलीत सिग्नलच पडलाय, किंवा कॉल वायफायवरून चाललाय आणि वायफाय अडखळतंय. आवाज कसा बिघडतो तेही ऐका. शब्दांचे तुकडे गायब होणं म्हणजे तुकडे हरवतायत, आवाज रोबोटसारखा होणं म्हणजे बऱ्याचदा ते उशिरा आणि गठ्ठ्याने येतायत. आणि एक-दोन सेकंद पूर्ण शांतता होऊन मग काही झालंच नाही असा कॉल पुढे चालू राहिला, तर फोनने मध्येच रस्ता बदलला असण्याची शक्यता जास्त. या तिसऱ्या प्रकाराकडे नंतर येतो, एकाच खोलीच्या त्रासात तोच जास्त छळतो.

पायरी २: कॉल कोणत्या रस्त्याने जातोय

तुमचा कॉल तीनपैकी एका रस्त्याने जातो. व्होल्टी, म्हणजे ४जीच्याच नेटवर्कवरून आवाज. वायफाय कॉलिंग, म्हणजे तुमच्या राउटरवरून इंटरनेटमार्गे कंपनीपर्यंत. नाहीतर जुनं २जी/३जी, जिथे अजून चालू असेल तिथे.

बघायची पद्धत सोपी आहे. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा, कॉल लावा आणि कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा. `4G` किंवा `LTE` तसंच राहिलं तर व्होल्टी चालू आहे. काही फोनवर `VoLTE` किंवा `HD` असंही दिसतं. तिथे अचानक `3G`, `H`, `E` असलं काही आलं, किंवा कॉल चालू असेपर्यंत नेटच थांबलं, तर तुमचा फोन कॉलसाठी जुन्या नेटवर्कवर उतरतोय, म्हणजे व्होल्टी बंद आहे. `5G` असताना कॉल लावला आणि `4G` झालं तर घाबरू नका, बऱ्याच नेटवर्कवर ५जीवरून कॉल लावताना तसंच होतं.

व्होल्टी चालू करायची जागा फोनप्रमाणे बदलते. सॅमसंगवर

```
Settings > Connections > Mobile networks > VoLTE calls
```

दोन सिम असतील तर दोन्हींची बटणं वेगळी असतात, लोक पहिलंच चालू करतात आणि कॉल लावतात दुसऱ्यावरून. पिक्सेलसारख्या साध्या अँड्रॉइडवर `Network & internet` मध्ये `SIMs`, त्यात तुमचं सिम आणि तिथे `VoLTE` किंवा `4G Calling`. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानात `Voice & Data` मध्ये जाऊन बघा. बटण दिसतच नसेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते, एकतर कंपनीने ते कायमचं चालू करून लपवलंय, किंवा तुमच्या मॉडेलला त्या कंपनीवर व्होल्टी मिळत नाही. कोणती ते वरच्या कॉलच्या परीक्षेतून कळेलच.

पायरी ३: दांड्या सोडा, आकडा बघा

अँड्रॉइडवर `Settings > About phone > SIM status` इथे सिग्नलचा आकडा असतो, काही फोनवर तो आणखी एक-दोन पानं आत असतो. काही फोनवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाकलं की चाचणीचं पान उघडतं, सगळ्यांवर उघडत नाही. आयफोनवर `*3001#12345#*` टाकून कॉलचं बटण दाबायचं. जो आकडा हवाय तो `RSRP` नावाने असतो किंवा नुसता `dBm` लिहिलेला, आणि तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला.

साधारण अंदाज असा: -९५ पर्यंत निवांत. -१०५ च्या आसपास चालतं. -११५ च्या पलीकडे गेलात की व्होल्टीवर बोलणं नशिबावर. आणि हे आकडे साध्या बेरजेचे नाहीत, १० चा फरक म्हणजे ताकद दहापट कमी आणि २० चा म्हणजे शंभरपट. हॉलमध्ये -९५ आणि खोलीत -११५ म्हणजे खोलीत शंभरातला एक भाग पोचतोय. आकडा सारखा थोडा हलत राहतो, म्हणून प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा. खिडकीत आणि पलंगावर वेगवेगळा घ्या, पाच-सहा पावलांत १० चा फरक पडलेला मी बघितलाय.

खोलीतला आकडा -११५ च्या पुढे असेल तर व्होल्टीच्या कोणत्याही बटणाने तो सुधारणार नाही, भिंत भिंतच राहणार. तिथे वायफाय कॉलिंग कामाला येतं.

पायरी ४: विमान मोडची परीक्षा

मला एकच परीक्षा ठेवा म्हटलं तर मी ही ठेवेन.

आधी वायफाय कॉलिंग चालू करा. सॅमसंगवर `Settings > Connections > Wi-Fi Calling`, काही मॉडेलवर ते फोन ॲपच्या तीन टिंबांमधल्या सेटिंगमध्येच असतं. साध्या अँड्रॉइडवर सिमच्याच पानावर `Wi-Fi calling`, आयफोनवर फोनच्या सेटिंगमध्ये `Wi-Fi Calling`. काही देशांत चालू करताना पत्ता विचारतात, तो इमर्जन्सी कॉलसाठी असतो, खरा भरा.

आता त्रासाच्या खोलीत बसून विमान मोड लावा. मग वायफाय हाताने परत चालू करा. एक मिनिट थांबा. कंपनीच्या नावाशेजारी `Wi-Fi` किंवा `VoWiFi` आलं किंवा फोनच्या चिन्हाला वायफायच्या कमानी आल्या, की कॉल लावा आणि पायरी १ ची मोजणी परत करा. या वेळी टॉवर पूर्ण बाजूला झालाय, जे काही होईल ते फक्त वायफायवर.

चिन्ह आलंच नाही आणि कॉल लागलाच नाही, तर वायफाय कॉलिंग जोडलंच जात नाहीये. सगळ्यात आधी फोनवरचं व्हीपीएन बंद करा, कारण वायफाय कॉलिंग स्वतःच एक बंदिस्त बोगदा बनवून कंपनीपर्यंत जातं आणि दोन बोगदे कधीकधी एकमेकांच्या पायात येतात. तरी नाही झालं तर दुसऱ्या कोणाच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन तीच परीक्षा करा. हॉटस्पॉटवर जोडलं गेलं तर दोष तुमच्या राउटरचा किंवा लाइनचा, तिथे यूडीपीची ५०० आणि ४५०० ही दोन पोर्टं अडलेली नाहीत ना ते फायरवॉलमध्ये बघायचं. ऑफिसच्या आणि पाहुण्यांसाठीच्या वायफायवर ही बऱ्याचदा बंद असतात. हॉटस्पॉटवरही नाही जोडलं तर प्लॅनवर किंवा त्या मॉडेलला ही सोय चालू आहे का ते कंपनीला विचारा, उगाच राउटर बदलू नका.

चिन्ह आलं आणि ३० पैकी ३० ऐकू आले, तर वायफाय ठणठणीत आहे, तुमचा फोन एरवी ते निवडत नाहीये एवढंच. सिग्नलची एक कमजोर दांडी दिसत असली तरी काही फोन टॉवरलाच चिकटून बसतात. वायफाय कॉलिंगच्या पानावर `Calling preference` असं काही असेल तर तिथे वायफायला पहिली पसंती द्या. आयफोनवर साधारणपणे अशी निवड दिसत नाही, तो स्वतः ठरवतो.

आणि विमान मोडमध्येही तुटला, तर खोलीतलं वायफायच खराब आहे, मग व्होल्टीची बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही.

एक खरी केस, आकड्यांसकट

ताईच्या मागच्या खोलीचं हेच रडगाणं होतं. तिचं म्हणणं, "वायफाय कॉलिंग चालू केलंय ना मी, तरी कधी छान लागतो कधी मध्येच मुका होतो." तिचा आकडा हॉलमध्ये -९४, खोलीत पलंगावर -११७, खिडकीत -१०८. वायफाय बंद करून मोजणी केली तर तिला माझे सगळे ३० ऐकू आले आणि मला तिचे २३. म्हणजे फोनचं बाहेर जाणारं कमजोर, हे पुस्तकी उदाहरणच.

मग विमान मोड लावून वायफायवर. मला वाटलं आता सुटलं, तर इथेही ४ आकडे गेले, तेही सलग, १४ ते १७. म्हणजे वायफायही धड नाही. लॅपटॉप तिच्या पलंगावर ठेवला आणि राउटरला पिंग लावलं, म्हणजे शंभर छोटे तुकडे पाठवून प्रत्येकाचं उत्तर किती वेळात येतं आणि किती हरवतात ते मोजलं:

```
ping -n 100 192.168.1.1
```

(विंडोजवर `-n`, मॅक आणि लिनक्सवर `-c`, आणि तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, वायफायच्या माहितीत `Gateway` म्हणून दिसतो.) ४ मिलिसेकंद, ५, ४, ६, आणि मग एकदम १८०, २४०, `Request timed out`, परत ५. शंभरात ६ हरवले. स्वतःच्या घरातल्या राउटरपर्यंत जायला शंभरातले ६ हरवणं म्हणजे फारच झालं, तिथे हरवलेले ० हवेत आणि वेळ सहसा एक आकडी किंवा फार तर वीसेक मिलिसेकंद. लॅपटॉपचा अँटेना फोनपेक्षा बरा असतो, म्हणजे फोनवर याहून वाईट असणार हेही लक्षात घ्या.

फोन होता ५ गिगाहर्ट्झवर, वायफायचा आकडा -७९. बोलण्यासाठी तो -६७ किंवा त्याहून बरा असावा असं धरतात. राउटर कुठे, तर टीव्हीच्या मागे, आणि टीव्हीच्या भिंतीपलीकडे तिच्या खोलीतलं लोखंडी कपाट. बिचारं वायफाय टीव्ही, भिंत आणि पत्रा ओलांडून येत होतं.

आता तिच्या "कधी छान कधी मुका"चं कोडं सुटलं. खोलीत टॉवरही काठावर आणि वायफायही काठावर. फोन कॉल वायफायवर सुरू करायचा, वायफाय पडलं की चालू कॉल व्होल्टीवर ढकलायचा, तिथे -११७ बघून परत वायफायकडे. प्रत्येक उडीला सेकंद-दोन सेकंदांची शांतता. एक रस्ता पूर्ण मेलेला असता तर फोन निमूट दुसऱ्यावर राहिला असता. दोन्ही अर्धमेले असले की हा खो-खो सुरू होतो.

केलं एवढंच. राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजच्या तोंडाशी उंच फळीवर ठेवला, जेमतेम दोन मीटर सरकला असेल. ५ गिगाहर्ट्झचा आकडा -६९ झाला, तरी काठावरच. राउटरमध्ये २.४ आणि ५ ची नावं वेगळी केली आणि तिचा फोन २.४ वर टाकला, तिथे -५७ मिळाले, कारण २.४ भिंतीतून जास्त बरं जातं. पिंग परत: हरवलेले ०, सगळ्यात जास्त वेळ ३१. पसंती वायफायला दिली, विमान मोड काढला, मोजणी ३० पैकी ३०.

२.४ चा एक तोटा सांगतो, ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतं आणि शेजाऱ्यांचे राउटरही, त्यामुळे गर्दीच्या इमारतीत ते उलट वाईट निघू शकतं. म्हणून दोन्हींवर पिंग घ्या आणि मग ठरवा. दोन्ही खराब आले तर खोलीत वायरने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा. बिनवायरचे रिपीटर बहुतेक करून तीच हवा दोनदा वापरतात, पलीकडून आलेलं ऐकून तेच परत बोलायचं, आवाजासाठी मला ते फारसे आवडत नाहीत.

मग दोन दिवसांनी परत फोन आला

"रात्री नऊला परत तुटतंय." खोली तीच, जागा तीच. या वेळी राउटरपर्यंतचं पिंग स्वच्छ होतं, म्हणून बाहेरचं घेतलं:

```
ping -n 100 1.1.1.1
```

एरवी १५ येणारं ४००-५०० वर गेलेलं. भाचा घरी आला की त्याचा फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागायचा आणि लाइनची चढवायची बाजू तुंबायची. आवाजाचे छोटे तुकडे त्या रांगेत मागे उभे. बॅकअप रात्री दोनला लावला, संपलं. तुमच्या राउटरमध्ये `QoS`, म्हणजे कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवायची सोय, किंवा अपलोडला मर्यादा घालायची सोय असेल तर तीही चालेल, आणि `WMM` नावाचं बटण दिसलं तर ते चालूच राहू द्या, आवाजाच्या तुकड्यांना वायफायवर पुढे सोडायचं काम त्याचं असतं.

काही अडचणी उरतातच

बोलत बोलत घराबाहेर पडलात की वायफायवरून व्होल्टीवर उडी होणारच, तिथे एखादा शब्द जाईल. पण कॉलच तुटत असेल तर आधी व्होल्टी खरंच चालू आहे ना ते बघा, कारण ते बंद असेल तर वायफायवरच्या कॉलला उडी मारायला बऱ्याचदा जागाच नसते.

विमान मोड लावून वायफायवर राहणं हा तात्पुरता उपाय म्हणून चालतो, येणारे कॉलही येतात. पण लाइट गेली, राउटर बंद पडला की तुम्ही कोणालाच सापडत नाही, आणि घराबाहेर पडताना मोड काढायला विसरलात तर दिवसभर फोन मुका.

सिग्नल वाढवायचं यंत्र कोणी सुचवलं तर थांबा, बऱ्याच देशांत परवानगीशिवाय ते लावता येत नाही आणि वाईट यंत्र आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतं.

कंपनीकडे तक्रार करायचीच असेल तर आधी घराबाहेर उघड्यावर आकडा बघा. बाहेर -८५ आणि खोलीत -११७ असेल तर ते म्हणणार तुमच्या भागात सगळं ठीक आहे, आणि तसं ते खरंही असतं. बाहेरही -११० च्या पुढे असेल तर मात्र सोडू नका, आणि "नेटवर्क येत नाही" एवढंच सांगू नका. जागा, वेळ, आकडा, व्होल्टी चालू होतं, वायफाय बंद होतं, आणि कोणाच्या बाजूचा आवाज गेला, एवढं एका दमात सांगा, म्हणजे ते तुम्हाला सिम काढून परत घाला म्हणणार नाहीत. निदान दुसऱ्यांदा तरी नाही.